फुकट आलेला मिक्सर आणि पाझरणारं भांडं

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)

हेडफोन लावलेत ना? आज एका मिक्सरची गोष्ट सांगणार आहे. आपल्या चॅनेलवर जे जुने आहेत त्यांना तो व्हिडिओ आठवत असेल. त्याच्याखाली सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मिक्सरबद्दल नव्हताच. प्रश्न असा होता, की "ताई, फुकट मिळाला म्हणताय, मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" प्रश्न बरोबर आहे. कमेंटमध्ये दोन ओळींत उत्तर देता येत नव्हतं, म्हणून हा भाग.

तर झालं असं. एका कंपनीचा मेल आला. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही. साडेसातशे वॉटचा मिक्सर, तीन भांडी, छापील किंमत ४,२०० रुपये. "आम्ही पाठवतो, तुम्ही प्रामाणिक रिव्ह्यू करा. फक्त प्रकाशित करायच्या आधी एकदा आम्हाला दाखवा." सगळी गोम त्या 'फक्त' मध्ये असते. मी उलट लिहिलं की तीन गोष्टी मान्य असतील तर पाठवा. एक, रिव्ह्यू आधी दाखवणार नाही. वॉट, वॉरंटी, किंमत असली माहिती तपासून घेईन, मत तपासून घेणार नाही. दोन, वस्तू फुकट आली हे पहिल्याच वाक्यात सांगणार. तीन, किमान तीन आठवडे वापरल्याशिवाय काही येणार नाही. चार दिवस काही उत्तर नाही. मग "ओके" आलं. हे आधी लेखी ठरवून घ्यायचं. खोकं घरात आल्यावर अट घालायला गेलात तर तोंड उघडत नाही, हा माझा जुना अनुभव.

आता सांगायचं कसं, ते बघू. जाहिरातींसाठी आपल्याकडे एएससीआय नावाची संस्था आहे, तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ पासून आहेत. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. दोन्हींचा गाभा एकच आहे. पैसेच घेतले पाहिजेत असं नाही. फुकट वस्तू, सवलत, सहल, नातेवाईकाची कंपनी, यातलं काहीही असलं तरी ते सांगायचं. तुम्ही न मागता पाठवलं असलं तरीही, आणि तुमचं मत शंभर टक्के खरं असलं तरीही. बरेच जण इथे चुकतात. त्यांना वाटतं, मी खरंच बोलतोय, मग सांगायची गरज काय? पण तुम्ही खरं बोलताय की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचं, आणि त्यासाठी त्याला ही माहिती हवी.

आणि ते दिसेल असं सांगायचं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या दोन ओळी दिसतात, बाकी सगळं 'आणखी' च्या मागे दडतं. तिथे पंधरा हॅशटॅगांच्या गर्दीत एक छोटंसं 'कोलॅब' टाकलं तर ते सांगितल्यासारखं दाखवून लपवणं झालं. "अमुक कंपनीचे खूप खूप आभार" हे पण सांगणं नाही. आभार कशाचे? व्हिडिओ असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही, व्हिडिओतच दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. आपल्यासारख्या नुसत्या आवाजाच्या कार्यक्रमात ते सुरुवातीला आणि शेवटी बोलायचं, शिवाय मध्ये ब्रेक घेतला तर ब्रेकच्या आधी आणि नंतरही. भाषा पण तीच, ज्या भाषेत रिव्ह्यू आहे. मराठीत अर्धा तास बोलून शेवटी इंग्रजीत पुटपुटायचं नाही.

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं सांगते: "हा मिक्सर कंपनीने मला फुकट पाठवला आहे आणि परत मागितलेला नाही. रिव्ह्यूचे पैसे मी घेतलेले नाहीत. हा व्हिडिओ त्यांनी आधी पाहिलेला नाही." तीन वाक्यं, बारा-तेरा सेकंद. 'परत मागितलेला नाही' हे मुद्दाम. वापरायला दिलेली वस्तू आणि कायमची दिलेली वस्तू यात फरक आहे. जाता जाता, प्राप्तिकर खात्यालाही तो फरक कळतो. जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षाला २०,००० च्या वर वस्तू मिळून तुमच्याकडे राहिली तर कंपनीने त्यावर दहा टक्के टीडीएस भरायचा असतो. वस्तू परत केली तर तो लाभ धरला जात नाही. मिक्सरला हे लागू पडत नाही, पण फोनचे रिव्ह्यू करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बरं, सांगून झालं. पण सांगितलं म्हणजे रिव्ह्यू विश्वासार्ह झाला का? नाही ना. तेवढ्याने ऐकणारा फक्त सावध होतो. पुढचं काम वेगळंच आहे.

मी रोजचंच केलं. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, ओल्या नारळाचं वाटण, आणि इडलीचं पीठ. शेजारी आमचा आठ वर्षं जुना मिक्सर ठेवला, तेच माप दोन्हींत. कूट नव्याचा चांगला झाला, तेल न सुटता. चटणीच्या छोट्या भांड्यात चार मिरच्या आणि थोडी लसूण टाकली की पातं वरच्यावर फिरायचं, जिन्नस कडेला चिकटून बसायचे. आवाज जुन्यापेक्षा जास्त. इथपर्यंत ठीक, कुठल्याही मिक्सरमध्ये असतं असं.

नवव्या दिवशी इडलीचं पीठ वाटून भांडं उचललं, तर खाली कपलरजवळ पांढरट पाणी. पुसलं. दुसऱ्या वेळी परत. भांड्याच्या तळातून पात्याचा दांडा खाली जातो, तिथे बुश आणि सील असतं. ते नीट बसलं नसेल तर ओलं खाली झिरपतं आणि हळूहळू मोटरकडे जातं. घरी तपासायला सोपं आहे. भांड्यात पाणी भरायचं, कोऱ्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवायचं आणि कागद बघायचा. माझा कागद ओला झाला.

आता खरी अडचण. वॉरंटी तपासायला मी कंपनीला लिहिलं तेव्हा हेही विचारलं, की असं होतं का? दोन दिवसांत कुरिअरने नवीन भांडं दारात. सोबत चिठ्ठी, की आधीच्या भांड्यात दोष होता, "तर व्हिडिओत त्याचा उल्लेख टाळता आला तर बरं". नवीन भांड्याखालचा कागद कोरडा राहिला. म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. मला मनापासून वाटलं, जाऊ दे, एखादं भांडं खराब निघतं. फुकट वस्तूचं ओझं असं असतं बघा. कुणी दम देत नाही. माणसं चांगली वागतात आणि आपल्यालाच वाईट बोलायची लाज वाटते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हाच मिक्सर दसऱ्याच्या सेलमध्ये ३,३०० ला, स्वतःच्या पैशाने घेतला होता. त्यांच्याकडे वर्तमानपत्र घेऊन गेले. काकू म्हणाल्या, "अगं, माझा ओटा रोज ओला असतो, मला वाटायचं मीच सांडते." कागदावर डाग आला, माझ्यापेक्षा लहान, पण आला. मी म्हटलं, काकू, तुम्ही तक्रार करा, माझं नाव सांगू नका. त्यांनी कस्टमर केअरला फोन केला. माणूस बाराव्या दिवशी आला. सील बदललं, वॉरंटीत, पैसे घेतले नाहीत.

मग मी व्हिडिओत काय म्हटलं? "तीन भांडी पाहिली, दोन पाझरली. मला बदली भांडं दोन दिवसांत आलं, कारण मी रिव्ह्यू करते हे त्यांना माहीत आहे. विकत घेणाऱ्या शेजाऱ्यांना बारा दिवस लागले, काम मात्र फुकट झालं." एवढंच. 'भंगार मिक्सर' म्हटलं नाही, कारण तीन भांड्यांवरून तसं म्हणता येत नाही. आणि उल्लेख टाळलाही नाही. वागणुकीतला फरक सांगितला नसता, तर 'सर्व्हिस झकास' हे माझ्यासाठी खरं आणि तुमच्यासाठी खोटं ठरलं असतं. फुकट वस्तू घेणाऱ्याला डिलिव्हरी आणि सर्व्हिस या दोन गोष्टींवर बोलताच येत नाही खरं तर. खोकंसुद्धा निवडून पाठवलेलं असू शकतं.

किमतीचंही तसंच. खिशातून पैसे गेले नाहीत की सगळं 'वर्थ इट' वाटतं. म्हणून मी आकडा बोलते: ३,३०० ला घेतला असता, घरी आल्याआल्या कागदाची परीक्षा करून. ४,२०० ला नाही. वर्षभराने मोटर कशी राहील हे तीन आठवड्यांत कळत नाही, तेही सांगितलं.

एक गोष्ट राहिली, सवलतीची. बऱ्याच जणांनी विचारलं, की खोक्यात चिठ्ठी येते, "पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा", किंवा टेलिग्राम ग्रुपवर "विकत घ्या, रिव्ह्यू टाका, पूर्ण पैसे यूपीआयने परत". रिव्ह्यूतच "मला पैसे परत मिळाले" असं लिहिलं तर चालेल का? नाही चालत. ॲमेझॉनने २०१६ मध्येच असे मोबदल्याचे रिव्ह्यू बंद केले. तिथे फुकट वस्तूवर लिहायचा रस्ता म्हणजे त्यांचा स्वतःचा 'वाइन' कार्यक्रम, ज्यात वस्तू फुकट मिळाल्याची पट्टी रिव्ह्यूवरच लागते. आपल्या चॅनेलवर सांगून मोकळं होता येतं, दुकानाच्या पानावर नाही. आणि या परताव्याच्या रिव्ह्यूवर 'खरेदी तपासलेली' असा शिक्का पण लागतो, कारण तुम्ही पैसे खरंच भरलेले असतात. परत आलेले पैसे त्या शिक्क्याला दिसत नाहीत. शिवाय पाच स्टार ही अट आहे, मग मत कुठे उरलं? पैसे परत न आल्याच्या कहाण्याही माझ्या इनबॉक्समध्ये पडून आहेत, तक्रार करायची कुणाकडे?

कंपनीचं काय झालं विचाराल तर, व्हिडिओ आल्यावर त्यांचा एक ओळीचा मेल आला, "नोटेड". त्यानंतर काही पाठवलेलं नाही. काकूंचा मिक्सर चालू आहे, ओटा कोरडा आहे.

नियमाप्रमाणे शेवटी परत सांगते, या भागासाठी कुणाकडून काही घेतलेलं नाही, मिक्सर मात्र अजून माझ्याच घरी आहे. पुढच्या भागात फोनच्या कव्हरांबद्दल बोलू. भेटूया.