रूथ मात्र: हिब्रू कथेतली शब्दांची जागा आणि मराठीतला जोर

आज एका छोट्या शब्दापासून सुरुवात करतो. ‘मात्र’.

रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मी हिब्रूवरून मराठीत उतरवत होतो. कच्चा मसुदा तयार झाला की मी तो मावशीला वाचून दाखवतो. तिला हिब्रू येत नाही आणि व्याकरणात रस नाही, म्हणून तर तिलाच. चौदाव्या वचनाशी मी वाचलं, “अर्पाने सासूचं चुंबन घेतलं आणि रूथ तिला बिलगली.” थोडं पुढे गेलो तर मावशीने हात वर केला. “थांब रे. दोघी सुना नामीपाशीच राहिल्या ना? मग ही आता कोण परत गेली म्हणते ती?”

मी पुन्हा वाक्य पाहिलं. खरंच की. चुंबन घेतलं, बिलगली, दोन्ही मायेच्याच गोष्टी. मधे ‘आणि’. ऐकणाऱ्याला वाटणार दोघींनी साधारण एकच केलं. अर्पा गेली हे हिब्रूतही त्या वचनात शब्दांनी सांगितलेलं नाही. ते पुढच्या वचनात नामीच्या तोंडून येतं. पण हिब्रू ऐकणाऱ्याला ते आधीच जाणवलेलं असतं, आणि ते जाणवतं फक्त शब्दांच्या जागेमुळे. मी शब्द सगळे उतरवले होते, जागा उतरवली नव्हती.

आता ही जागेची भानगड काय आहे ते सांगतो. बायबलमधली हिब्रू कथा पुढे सरकते ती क्रियापदाने. वाक्याच्या अगदी आरंभी ‘वाव’ हे अक्षर, म्हणजे ढोबळपणे आपलं ‘आणि’, त्याला चिकटून एका ठरावीक रूपातलं क्रियापद, आणि मग कर्ता वगैरे. आणि-उठला अमुक, आणि-गेला, आणि-पाहिलं. व्याकरणात या रूपाला ‘वय्यिक्तोल’ म्हणतात. आपण त्याला साखळीचं रूप म्हणू. एकेक कडी पुढच्या कडीत अडकते आणि गोष्ट चालत राहते.

कथाकाराला ही साखळी थांबवायची असली, की तो क्रियापदाच्या आधी दुसरं काहीतरी आणतो. कर्ता, कर्म, काहीही. मग वाव त्या शब्दाला चिकटतो, आणि क्रियापदाला साखळीचं रूप घेताच येत नाही, कारण त्या रूपाला वाव अंगावरच लागतो. ते साध्या भूतकाळी रूपात, ‘कातल’मध्ये येतं. म्हणजे एकाच वेळी दोन खुणा मिळतात. क्रम बदलतो आणि रूपही बदलतं. लक्ष दिलं तर चुकणं अवघड आहे.

रूथच्या वाक्यात बघा. पहिल्या अर्ध्या भागाचा पहिला शब्द ‘वत्तिश्शाक’, आणि-चुंबन-घेतलं, साखळीतलं रूप, मग अर्पा. दुसऱ्या अर्ध्या भागात पहिला शब्द ‘वेरूथ’, आणि-रूथ. मग ‘दाव्का’, चिकटली. कथाकाराने रूथला उचलून दारात आणून उभं केलंय. अर्पाच्या शेजारी, तिच्या विरुद्ध. त्यामुळे अर्पाचं चुंबन मागे वळून पाहता निरोपाचं ठरतं.

मराठीत हे कसं आणायचं? कर्ता आधी ठेवून भागत नाही. आपला कर्ता आधीच असतो. ‘रूथ तिला बिलगली’ यात रूथ पहिली आहे, पण तो आपला रोजचा क्रम झाला, त्याने कोणाच्या कानाला काही जाणवत नाही. हिब्रूत जे जागेने होतं ते आपल्याला बहुतेक वेळा एखाद्या अव्ययाने करावं लागतं. मी ‘आणि’ काढला आणि लिहिलं, “अर्पाने सासूचं चुंबन घेतलं, रूथ मात्र तिला चिकटून राहिली.” मावशी म्हणाली, “अस्सं. म्हणजे ती गेली.” ‘निरोप’ हा शब्द घालण्याचा मोह मला झाला होता. गरज पडली नाही.

‘पण’ का नाही, असं कोणी विचारेल. चालेल. पण ‘पण’ दोन वाक्यांमधे बसतो आणि अपेक्षाभंग सांगतो. ‘मात्र’ व्यक्तीला चिकटतो आणि तिला वेगळं काढतो. हिब्रू वाव इथे रूथला चिकटलाय, म्हणून मला ‘मात्र’ जवळचा वाटतो.

इथवर सोपं आहे. आता घोळ कुठे होतो ते सांगतो. एकदा हे कळलं की माणूस प्रत्येक तुटलेल्या साखळीवर ‘मात्र’ ठोकत सुटतो. मीही सुटलो होतो. त्याला योनाच्या गोष्टीने लगाम घातला.

योनाचा पहिला अध्याय, तिसरं वचन. तार्शीशला पळून जायचं म्हणून योना उठला, याफोला उतरला, जहाज मिळालं, भाडं दिलं, जहाजात उतरला. पाचही क्रियापदं साखळीतली, एकामागून एक, धापा टाकत. हे मराठीत ‘-ऊन’ने मस्त वाहतं: “योना उठला आणि याफोला उतरला. तिथे तार्शीशचं जहाज मिळालं, तेव्हा भाडं भरून तो आत उतरला.”

आणि चौथ्या वचनात पहिला शब्द येतो तो परमेश्वराचं नाव. मग क्रियापद ‘हेतील’, फेकला. समुद्रावर मोठा वारा फेकला. इथे साखळी तुटली. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, “मग परमेश्वराने मोठा वारा सोडला.” हा ‘मग’ सगळ्यात वाईट. ‘मग’ म्हणजे पुढची कडी. कथाकाराने मुद्दाम तोडलेली साखळी मी परत जोडून दिली होती. ‘परमेश्वराने मात्र’ हेही बरोबर बसत नाही, कारण इथे दोन माणसांची तुलना चाललेली नाही. कॅमेरा एका पात्रावरून दुसऱ्याकडे वळलाय. योना आपल्या बेतात, तर दुसरीकडे हे. मराठी गोष्ट सांगणाऱ्याकडे यासाठी एक जुना, भरवशाचा शब्द आहे: ‘इकडे’. “इकडे परमेश्वराने समुद्रावर मोठा वारा फेकला.” आजी गोष्ट सांगताना “इकडे राजा काय करतो” म्हणायची ना, तोच.

जाता जाता, ‘फेकला’ का ठेवला? पुढच्या वचनात खलाशी जहाजातलं सामान समुद्रात टाकतात, तिथे हेच क्रियापद आहे, ‘वय्यातिलू’. तिकडून वारा फेकला जातो, इकडून सामान फेकलं जातं. ‘वारा सोडला’ छान मराठी आहे, पण तो धागा तुटतो.

आता पाचवं वचन, जिथे मी खरा अडकलो. खलाशी घाबरले, आपापल्या देवांना हाका मारू लागले, सामान फेकलं. तिन्ही साखळीत. आणि मग ‘वेयोना याराद’, आणि-योना उतरला, जहाजाच्या अगदी तळाशी. तोडलेली साखळी. मी लिहिलं, “योना मात्र तळाशी उतरला आणि गाढ झोपला.” मला अभिमान वाटला. मावशीला नाही. ती म्हणाली, “काय माणूस आहे! वादळ बघितलं आणि खाली झोपायला गेला?”

हा केवढा फरक आहे बघा. वादळ पाहून जो झोपायला जातो तो बेफिकीर, किंवा जिवावर उदार. वादळाआधीच जो खाली जाऊन झोपलेला आहे त्याला काही पत्ताच नाही. माणूसच बदलला. हिब्रूत साध्या भूतकाळाचं हे रूप, कर्ता पुढे आणून, मागे घडून गेलेली गोष्ट सांगायलाही वापरतात. आपल्या ‘गेला होता’सारखं वेगळं रूप त्या भाषेत नाही. मी हे वचन तसं वाचतो. दुसरं वाचन अशक्य नाही. काही अभ्यासक ते केवळ विरोध दाखवणारं मानतात. पण मराठीत ‘उतरला’ की ‘उतरला होता’ यातलं एक आपल्याला निवडावंच लागतं, म्हणून निवड नकळत होऊ नये.

आणि ‘होता’ घालायचा तर शेवटपर्यंत न्यायला हवा. ‘उतरला’ नंतर हिब्रूत ‘आडवा झाला, गाढ झोपला’ ही दोन क्रियापदं पुन्हा साखळीच्या रूपात आहेत, पण ती त्या मागच्या काळातच राहतात. “उतरला होता आणि गाढ झोपला” असं लिहिलं तर अर्धा योना वादळाआधी आणि अर्धा वादळानंतर. शेवटी झालं ते असं: “योना मात्र जहाजाच्या तळाशी जाऊन आडवा झाला होता आणि त्याला गाढ झोप लागली होती.” ‘मात्र’ राहिला, कारण वर आरडाओरडा करणाऱ्या खलाशांशी विरोध आहेच. पण मुख्य काम ‘होता’ने केलं.

एक सावधगिरी. ‘लो’ म्हणजे ‘नाही’ आला की साखळी आपोआप तुटते, कारण वाव ‘लो’ला चिकटतो. त्यात जोर नसतो, तो व्याकरणाचा नाइलाज. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव हाबेलच्या अर्पणाकडे पाहतो आणि काइनाच्या अर्पणाकडे पाहत नाही. तिथे नुसतं ‘नाही’ असतं तर मी काही जोडलं नसतं. पण ‘काइनाकडे आणि त्याच्या अर्पणाकडे’ हे सगळं ‘लो’च्याही आधी आणलंय. म्हणून “काइनाकडे मात्र पाहिलं नाही”.

शेवटी एक जागा जिथे मराठीला उलटं चालावं लागतं. योसेफाची गोष्ट, उत्पत्तीचा सदतिसावा अध्याय, चौथं वचन. भावांना दिसतं की बापाचा सगळ्यांत जास्त जीव याच्यावर आहे. हिब्रूत ‘ओतो’, म्हणजे ‘त्याला’, क्रियापदाच्या आधी उचलून ठेवलंय. भावांच्या डोळ्यांत जे खुपतंय तेच पुढे. मीही प्रामाणिकपणे ते पुढे ठेवलं: “त्याच्यावर वडिलांचा सगळ्या भावांपेक्षा जास्त जीव आहे, हे भावांना दिसलं.” मोठ्याने वाचून बघा. जोर ‘जास्त’वर जातो, ‘त्याच्यावर’ विरून जातं. मराठीत पहिली जागा बहुधा आधीच माहीत असलेल्या गोष्टीची. जोराची जागा क्रियापदाच्या लगेच आधीची. खात्री करायची तर प्रश्न विचारा: वडिलांचा जास्त जीव कोणावर आहे? ‘कोणावर’ जिथे बसलं, उत्तर तिथेच बसतं. म्हणून: “सगळ्या भावांपेक्षा वडिलांचा जास्त जीव त्याच्यावर आहे, हे भावांना दिसलं.”

‘त्याच्यावरच’ करावं का, यावर मी दोन दिवस घालवले. ‘च’ बाकीच्यांना दाराबाहेर काढतो. मूळ वाक्य ‘भावांपेक्षा जास्त’ म्हणतं, ‘फक्त त्याच्यावर’ म्हणत नाही. भावांना कदाचित तसंच वाटत असेल. पण ते मी लिहायचं नाही. ‘च’ काढला. मावशीने ऐकलं, आणि ‘त्याच्यावर’ आलं तेव्हा मी काही न सांगता तिचा आवाज माझ्या मागोमाग तिथेच चढला.