दिवाळी नेमकी कधी?
(सोसायटीच्या दिवाळी कार्यक्रमातील भाषण)

मंडळी, २०२४ च्या दिवाळीत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेला वाद आठवत असेल. बी विंगमधल्या उत्तर भारतीय कुटुंबांनी लक्ष्मीपूजन गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला केलं. आपण मराठी मंडळींनी शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. सुट्टी कुठल्या दिवशी टाकायची, हे चाकणला जाणाऱ्यांना कळेना. "चूक कोणाची?" असं मला लिफ्टमध्येसुद्धा विचारलं गेलं.

चूक कोणाचीच नव्हती. आपली तारीख मध्यरात्री बदलते, तिथी मात्र कधीही बदलते. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र कधी जलद चालतो, कधी संथ, म्हणून एखादी तिथी २० तासांत उरकते, तर एखादी २६ तासांच्याही पुढे जाते. म्हणजे शिफ्ट सुटायची वेळ रोज वेगळी!

आता प्रत्येक सण आपापल्या वेळेला हजेरी घेतो. नरक चतुर्दशी पहाटे, कारण अभ्यंगस्नान तेव्हाचं. लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतर, प्रदोषकाळी. त्या वेळी जी तिथी हजर, तिचा सण.

२०२३ मध्ये १२ नोव्हेंबरच्या रविवारी पहाटे चतुर्दशी होती. दुपारी पावणेतीनच्या सुमारास अमावास्या लागली आणि सोमवारी जवळपास त्याच वेळी, तीनच्या आत संपली. सोमवारच्या संध्याकाळी अमावास्या नाहीच. म्हणून अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी. पण सोमवारी सकाळी प्रतिपदाही लागलेली नव्हती, त्यामुळे पाडवा गेला मंगळवारवर. मधला सोमवार रिकामा. फराळ मात्र त्या दिवशीही चालूच होता म्हणा.

२०२४ मध्ये चंद्र पृथ्वीपासून लांब होता, म्हणून संथ होता. अमावास्या चांगली २६ तासांहून जास्त चालली. ३१ तारखेला दुपारी ३.५२ ला लागली, ती १ तारखेला संध्याकाळी ६.१६ ला संपली. आपल्याकडे तेव्हा सूर्य मावळतो सहाच्या जरा पुढे. म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण संध्याकाळ अमावास्या, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर जेमतेम दहा-बारा मिनिटं. दोन्ही दिवशी हजेरी लागली!

अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा, हा नियम आपल्या पंचांगकर्त्यांनी धरला. बी विंगवाल्यांच्या पंडितांनी पूर्ण प्रदोष आणि मध्यरात्रही ज्या दिवशी मिळते तो पहिला दिवस धरला. गणित दोघांचं एकच, वजन कशाला द्यायचं एवढाच फरक. मला विचाराल तर दहा मिनिटांवर सण ठरवणं थोडं विचित्र वाटतं, पण घरात मी आपल्या पंचांगाप्रमाणेच पूजा केली.

यापुढे शंका आली तर आधी पंचांगात अमावास्या कधी लागते नि कधी संपते ते बघा, मग आपल्या गावचा सूर्यास्त बघा. मुंबईचा नको, तिथे सूर्य दोन-चार मिनिटं उशिरा मावळतो.

आणि सेक्रेटरी साहेब, त्या वर्षी गेटवरची रोषणाई तुम्ही दोन्ही रात्री चालू ठेवलीत, बिलाची तक्रार एकानेही केली नाही.