शिट्टी एकच, शिड्या दोन

पुढच्या रांगांत वैद्यकाचे विद्यार्थी वह्या उघडून बसलेत, तेव्हा थेट रुग्णच समोर आणतो.

समजा, मुळशीकडच्या साठीच्या एक आजी आल्या. विडी कधी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. छातीत शिट्टी वाजते म्हणून कुणीतरी दमा ठरवून फॉर्मोटेरॉल आणि स्टिरॉइडची कॅप्सूल दिली. तरी वर्षात दोनदा धाप वाढून ॲडमिट झाल्या. सिगारेट नाही म्हणजे सीओपीडी नाही, हा समज आपल्याकडे फार चिवट आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लेख लिहिला, आणि त्यात चुलीचा धूर ठळकपणे आहे.

आजींना सालब्युटामॉलचे 400 मायक्रोग्रॅम देऊन पंधरा मिनिटांनी स्पायरोमेट्री केली. पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर 0.56 आलं. औषधानंतरही ते 0.7 च्या खाली, औषधाआधीच्या आकड्यापेक्षा फारसा फरक नाही, वर धुराचा इतिहास: हा सीओपीडी.

इथे शिडी बदलते. दम्यात मूळ दुखणं श्वासनलिकेची सूज, म्हणून स्टिरॉइड पहिल्या पायरीपासून. ‘जीना’ने 2019 पासून नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नका असं सांगितलं. पहिल्या दोन पायऱ्यांवर ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल गरजेपुरतं, तिसरीवर तेच रोज आणि गरजेलाही, चौथीवर रोजचा डोस वाढवायचा. दम्यात फॉर्मोटेरॉल एकटं कधीच नाही. परीक्षेतही नाही, वॉर्डातही नाही.

सीओपीडीत पाया ब्रॉन्कोडायलेटरचा. दोनदा धाप वाढलेल्या आजींना दोन दीर्घकाळ टिकणारी औषधं एकत्र: फॉर्मोटेरॉलसारखं एक, टायोट्रोपियमसारखं दुसरं. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी 300 किंवा जास्त असत्या तर स्टिरॉइड जोडलं असतं. आजींच्या निघाल्या 90. अशांना स्टिरॉइडचा लाभ नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. म्हणून ते काढलं.

तरी एक कोडं उरलं. आधीच्या कॅप्सूलमध्ये फॉर्मोटेरॉल होतंच, मग थोडाही आराम का नव्हता? आजींना म्हटलं, घरी घेता तसं घेऊन दाखवा. त्यांनी रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घातली, आत फुंकर मारली, मग हळूच श्वास ओढला. फुंकरीच्या ओलाव्याने पावडर चिकटली, आणि हळू ओढल्याने ती उडालीच नाही. उघडून पाहिलं तर बरीच पावडर कॅप्सूलमध्येच! पावडरच्या यंत्राला जोरात, झटक्यात ओढ लागते. आजींच्या छातीत तेवढा जोर नव्हता. फवाऱ्याच्या पंपाचं उलट असतं: स्पेसर लावून सावकाश, खोल ओढायचं आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. आजींना तो जमला.

औषध वाढवण्याआधी रुग्णाला यंत्र वापरून दाखवायला सांगा, आणि कॅप्सूल उघडून बघा.