सहावें चित्र

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा या गांवच्या एका आईची आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलीची ही कल्पित गोष्ट आहे. मुलगी स्वमग्न होती. बोलणें मोजकें, आवाज व गर्दी सोसत नसे, आणि ठरलेला क्रम मोडला म्हणजे ती भयानें व्याकूळ होई. डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें, त्यांत क्रम न बदलण्याचा हा आग्रह ठळकपणें नमूद आहे.

छत्रपती संभाजीनगरास आजी अंथरुणास खिळली होती. नातीला एकदां पाहावें, एवढीच तिची इच्छा. परंतु एस्. टी.चा इतका लांबचा प्रवास मुलीनें कधीं केला नव्हता.

आईनें घाई केली नाहीं. पंधरा दिवस ती मुलीला स्थानकावर नेई. प्रथम गाडी दुरून दाखविली, मग उभ्या गाडींत बसविलें, मग पुढच्या गांवापर्यंत नेऊन परत आणलें. घरीं तिनें पांच चित्रें काढलीं: घर, गाडी, सिंदखेडराजा, जालना आणि आजी. एकेक टप्पा संपला कीं तें चित्र पालथें घालावयाचें. निघतांना तिनें इंजिनापासून दूरची, खिडकीजवळची जागा धरली आणि मुलीच्या कानांवर आवाज अडविणारीं झांकणें बसविलीं.

जालन्याचें चित्र पालथें झालें. पुढें बदनापुराजवळ गाडी एकाएकीं थांबली. चाक पंक्चर झालें होतें. मुलगी आजीच्या चित्राकडे पाहूं लागली, मग खिडकीबाहेर. तिचें गुणगुणणें सुरू झालें, मग अंग झुलूं लागलें. आईनें खूण ओळखली. पण तेवढ्यांत उतारू उठले, गलका झाला, आणि मुलगी किंचाळत डोकें बाकावर आपटूं लागली.

"बाई, एक चापट द्या, हट्ट जाईल," मागून एक आजोबा म्हणाले.

"बाबा, हट्ट असता तर तिनें कांहीं मागितलें असतें. तिला कांहीं नको आहे. तिला सारेंच असह्य झालें आहे."

वाहक जवळ आला. "ताई, काय करूं?"

"दादा, मंडळींना थोडा वेळ खालीं उतरूं द्या."

गाडी रिकामी झाली. आईनें मुलीला कवटाळलें नाहीं, समजावलेंही नाहीं. कारण त्या वेळीं स्पर्श आणि शब्द हे आणखी दोन भार झाले असते. तिनें डोकें व बाक यांमध्यें घडी केलेली गोधडी धरली आणि ती गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळानें श्वास संथ झाला. तेव्हां तिनें एका कोऱ्या कागदावर चाक काढलें आणि तें जालना व आजी यांच्या मध्यें ठेवलें. मुलगी त्याकडे एकटक पाहत राहिली.

चाक बदललें, गाडी हलली. मुलीनें न सांगतां तें चित्र पालथें घातलें.

सायंकाळीं आजीनें हात पसरले. नात जवळ गेली नाहीं. तिनें पांघरुणावर सहाही चित्रें क्रमानें मांडलीं, चाकावर बोट ठेवलें आणि म्हणाली, "चाक."

आजीनें पसरलेले हात मागें घेतले आणि त्याच चित्राशेजारीं आपलें बोट ठेवलें. नातीनें तें हलविलें नाहीं.