राजीनामा लिहिण्याआधी एक कागद

आज मी तुम्हाला आमच्या घरातली गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आमचं माहेर माण तालुक्यात. गेल्या श्रावणात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. वय 76. डावा हात-पाय लुळा पडला. बारा दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. घरात आई एकटीच. तिचं वय 68 आणि दोन्ही गुडघे दुखरे. मी सासरी, चौदा किलोमीटरवर. भाऊ मुंबईत, बायकामुलांसह. धाकटी बहीण चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. तिचं लग्न झालेलं नाही.

त्याच संध्याकाळी ओसरीवर सगळे बसलो. "धाकटीनं नोकरी सोडावी आणि गावी यावं," हे पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं. मामांनी मान डोलावली, भाऊ गप्प बसला. भावाला नोकरी सोडशील का, असं कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तो कमावता पुरुष, आणि ती एकटी, तिला काय अडचण, असं आम्ही गृहीतच धरलं.

धाकटी रागावली नाही. म्हणाली, "येते मी, ताई. पण आधी एक कागद करू. गटात पाच हजारांचं कर्ज देतानासुद्धा तुम्ही कागद करता ना?"

मग आम्ही वहीत दिवसाचे चोवीस तास लिहिले. कोणत्या वेळी अण्णांना काय लागतं आणि ते कोण करतं. सकाळी तोंड धुणं, अंघोळ, कपडे बदलणं यात दोन तास. तीन वेळा बसवून भरवणं. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी शिकवलेला हातापायांचा व्यायाम. आणि दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्री दहा, बारा, दोन, चार. प्रत्येक ओळीपुढं एकच नाव आलं, आईचं. ती चार दिवस सलग झोपली नव्हती.

कूस बदलणं का महत्त्वाचं, ते सांगते. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की माकडहाड, टाचा, खुबा इथं रक्त पोचत नाही आणि कातडी सडू लागते. आधी नुसता लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून सोडायचं. लाली क्षणभर जाऊन परत आली तर ठीक. दाबूनही लालच राहिली, तर जखमेची सुरुवात आहे असं समजून त्या अंगावर अजिबात झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं जागा गरम किंवा कडक लागते का, ते हातानं बघायचं. अण्णांच्या टाचेवर असा डाग आलाच होता. आणखी एक. उठवताना आई त्यांचा लुळा हात धरून ओढायची. तसं ओढलं तर खांदा निखळतो. पाठीमागून, कमरेपाशी आधार द्यायचा असतो.

त्या कागदावरून एक गोष्ट कळली. अण्णांना चोवीस तास एकाच माणसाची गरज नव्हती. सकाळी दोन तास जोराचं माणूस आणि रात्री जागणारं माणूस हवं होतं. आणि झटक्यानंतर सुधारणा होते ती जास्त करून पहिल्या काही महिन्यांत. म्हणजे आज लागणारी माणसं तीन महिन्यांनी तेवढीच लागतील असं नाही. आम्ही मात्र तीन महिन्यांच्या गरजेसाठी कायमची नोकरी सोडायला सांगत होतो.

मग दुसरा कागद केला. नोकरीबरोबर काय काय जाईल? पगार जाईल हे सगळ्यांना माहीत होतं. पण धाकटीच्या पगारातून दरमहा कामगार विम्याचे पैसे कापले जातात, ज्याला ईएसआय म्हणतात. तिचा पगार 21,000 रुपयांच्या आत आहे, म्हणून ती त्यात बसते. आई-वडील तिच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर त्यांनाही त्यातून उपचार मिळतात. फक्त त्यांची नावं नोंदवावी लागतात. तिनं ती नोंदवलीच नव्हती. नोकरी सुटली की हे छत्र थोड्या महिन्यांत संपतं. म्हणजे सेवेसाठी नोकरी सोडायची आणि औषधपाण्याची सोयही घालवायची, असं झालं असतं.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. कायम कामगाराची सलग पाच वर्षं भरली की ती मिळते. धाकटीची चार वर्षं पाच महिने झाले होते. तिचा मूळ पगार 13,000. त्याला 26 नं भागलं की एका दिवसाचे 500. पंधरा दिवसांचे 7,500. पाच वर्षांचे 37,500. सात महिने आधी राजीनामा दिला असता तर हे हातचं गेलं असतं. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कुठं जात नाहीत. पण त्यातल्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. म्हणून नोकरी सोडावीच लागली तर पेन्शनचा भाग काढून घेऊ नये. स्कीम सर्टिफिकेट मागून घ्यावं. पुढं कुठं नोकरी लागली तर आधीची वर्षं त्यात धरतात.

शेवटी ठरलं ते असं. धाकटीनं साठलेली रजा आणि बिनपगारी रजा मिळून सहा आठवडे घेतले, कंपनीकडून लेखी. रात्री तिनं सांभाळल्या. आठवड्यातून दोन रात्री मी जायची, तेव्हा ती झोपायची. सकाळ-संध्याकाळ हात लावायला गावातल्या एका बाईंना महिना 6,000 रुपयांवर ठेवलं. ते पैसे भावानं द्यायचे, पाच तारखेच्या आत. हेही वहीत लिहिलं आणि खाली सह्या केल्या. दुसऱ्या महिन्यात त्याचे पैसे उशिरा आले, तेव्हा ती वहीच त्याला दाखवावी लागली.

तिसऱ्या महिन्यात अण्णा काठी धरून अंगणात येऊ लागले. डावा हात अजून नीट चालत नाही. धाकटी कामावर परतली. आता महिन्यातून दोनदा येते. तिची पाच वर्षं भरली आहेत. पुढं काय करायचं ते ती ठरवेल.

प्रत्येक घरात असं जमेल असं मी म्हणत नाही. माणूस अंथरुणाला कायमचा खिळला, किंवा ओळख विसरून घराबाहेर भटकू लागला, तर कुणाला तरी यावंच लागतं. तेव्हा जी येईल तिला बाकीच्या भावंडांनी दरमहा रक्कम द्यावी आणि ती आधी ठरवावी. आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी 2007 च्या कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी टाकली आहे. एकीनं अंगमेहनत करायची आणि बाकीच्यांनी सणाला येऊन पाया पडायचं, ही वाटणी सारखी नव्हे.

परवा आईनं मला विचारलं, "त्या दिवशी तू तिलाच का सांगितलंस गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या ओसरीवर अशी बैठक बसली, तर पहिलं वाक्य बोलण्याआधी वही मागवा.