दिवंगत आप्तांचे फेसबुक-खाते



घरातील माणूस निवर्तल्यावर आपण सातबारा आणि बँकेचे पासबुक तेवढे आठवणीने पाहतो. पण त्याचे फेसबुकवरील खाते तसेच चालू राहते, आणि वर्षानंतर त्याच्या वाढदिवशी लोकांच्या शुभेच्छा येऊन पडतात. या खात्याचे करावे काय, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

मार्ग दोन आहेत. एक, खाते स्मृतिरूपाने ठेवणे. मग नावापाशी Remembering हा शब्द दिसू लागतो, वाढदिवसाची स्मरणपत्रे थांबतात, आणि पासवर्ड ठाऊक असला तरी कोणासही आत शिरता येत नाही. हयातीत कोणास ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमले असेल, तर त्यास छायाचित्र बदलता येते, पण खाजगी पत्रे वाचता येत नाहीत. मृत्यूनंतर अशी नेमणूक इतरांना करता येत नाही.

ही विनंती कोणी स्नेहीही करू शकतो, आणि येथेच घाई नडते. समजा, एखाद्या मंडळाचे फेसबुक-पान दिवंगत चिटणीस एकटेच चालवीत होते. त्यांचे खाते स्मृतिरूप झाले, की तो एकमेव चालक गेला म्हणून ते पानही काढून टाकले जाते. वीस संमेलनांची छायाचित्रे त्यावर असली तरी! तेव्हा विनंतीपूर्वी ती उतरवून घ्यावीत, आणि हयातीतच पानास दुसरा चालक जोडावा.

दुसरा मार्ग खाते कायमचे काढण्याचा. तो मुख्यतः जवळच्या आप्तांस व मृत्युपत्राच्या व्यवस्थापकास मोकळा आहे. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली की काम सर्वांत लवकर होते. आपल्याकडे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, त्यामुळे दाखला सहसा हाती असतो. तो नसल्यास दोन कागद लागतात. एक अधिकाराचा, म्हणजे मृत्युपत्र किंवा जन्माचा दाखला. दुसरा मृत्यूचा, म्हणजे वर्तमानपत्रातील निधनवार्ता.

अडचण येते ती नावाची. कागदावरील नाव किंवा जन्मतारीख खात्याशी जुळावी लागते. दाखल्यावर ‘रामचंद्र’ असते, खाते मात्र ‘अण्णा’ या नावाचे. आणि मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख बहुधा नसतेच. अशा वेळी निधनवार्तेत ‘रामचंद्र ऊर्फ अण्णा’ असे छापलेले असल्यास तो दुवा ठरतो. आम्ही तर म्हणतो, वार्ता देतानाच खात्यावरील नाव आणि जन्मतारीख त्यात घालावी. दोन ओळींचा खर्च वाढेल इतकेच. प्रत पाठवताना विनंतीशी संबंध नसलेला खाजगी मजकूर झाकला तरी चालतो.

एकदा काढलेले खाते परत मिळत नाही. म्हणून मुलांपैकी एकाने विनंती करण्यापूर्वी आईस व भावंडांस विचारावे, आणि हवी ती छायाचित्रे आधी उतरवून घ्यावीत.