हरवलेल्या प्रमाणपत्राचे प्रतिज्ञापत्र

दहावीचे मूळ प्रमाणपत्र हरवले म्हणजे मंडळाकडे दुसरी प्रत मागावी लागते आणि अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पुष्कळजण कचेरीबाहेर तयार मजकुरात आपले नाव घालून मोकळे होतात. ‘प्रवासात चोरीस गेले’ हे त्यात आधीच छापलेले! पण शपथ कोणाची? तुमचीच की नाही?

आपल्यासारख्याच एका गावचा तरुण घ्या. ४ जून २०२४ला त्याने घरी प्रमाणपत्र पाहिले, त्याची नक्कल काढली. ९ जूनला तो एस.टी.ने पुण्यास गेला. उतरून पिशवी उघडतो, तो कागदांची फाईल नाही. आता चोर त्याने पाहिला का? नाही. मग ‘चोरीस गेले’ कसे लिहावे?

त्याचे प्रतिज्ञापत्र असे व्हावे. परिच्छेद १ : नाव, वय, धंदा, पत्ता. परिच्छेद २ : परीक्षा, वर्ष, बैठक क्रमांक, शाळा, नाव प्रमाणपत्रावर होते तसेच, काना-मात्रेचाही फरक नको. परिच्छेद ३ : ४ तारखेस मी ते घरी पाहिले. परिच्छेद ४ : ९ तारखेस सकाळी वडिलांनी फाईल पिशवीत ठेवली, असे ते सांगतात. परिच्छेद ५ : पुण्यास पिशवीत फाईल नव्हती; घरी व आगारात शोधले, पोलिसांत अमुक तारखेस नोंद केली. परिच्छेद ६ : प्रमाणपत्र कोणाकडे गहाण अथवा अडकवून ठेवलेले नाही, मूळ सापडल्यास दुसरी प्रत परत करीन.

एका परिच्छेदात एकच गोष्ट का, असे गुरुजी विचारतील. कारण शेवटच्या सत्यापनात क्रमांकानेच सांगायचे असते की, १, २, ३, ५ व ६ माझ्या स्वतःच्या माहितीचे आहेत. ४ वडिलांच्या सांगण्यावरून असून मी ते खरे मानतो. सगळे एका लांबलचक वाक्यात कोंबले, तर पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे निवडता येत नाही. जाणूनबुजून खोटे लिहिले तर तो गुन्हा होतो, हेही ध्यानात असू द्या.

घोटाळा बहुधा तारखेत होतो. पोलिसांकडे ९ जून सांगायचे आणि प्रतिज्ञापत्रात छापील मजकुरातली दुसरीच तारीख राहून जायची. मग अर्ज परत येतो. म्हणून पोलिसांच्या नोंदीची प्रत शेजारी ठेवूनच लिहा.

आणि हो, प्रमाणपत्र पावसात भिजून लगदा झाले असेल, वाळवीने खाल्ले असेल, तर ‘हरवले’ लिहू नका. ‘खराब झाले’ असेच लिहा, आणि उरलेला तुकडा अर्जासोबत न्या. सही मात्र घरून करून नेऊ नका. ती दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्या समोर, मजकूर वाचून झाल्यावरच करायची.